इमारत निधीसाठी कबूल केलेली रक्कम अद्याप न आलेल्या देणगीदारांना स्मरणपत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे संस्थेच्या चिटणीसांसाठी आणि कोषाध्यक्षांसाठी आहेत. निधीसंकलनाच्या सभेत आकडे उत्साहाने घातले जातात, संकल्पपत्रांवर सह्या होतात, काही हप्ते येतातही. पुढे बांधकाम अर्ध्यावर आले की कबूल रक्कम आणि जमा रक्कम यांतील अंतर डोळ्यांत भरू लागते. अशा वेळी लिहायच्या पत्राबद्दल आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची ही उत्तरे आहेत.

ज्याने स्वखुशीने देणगी कबूल केली, त्याच्याकडे ती मागणे अशोभनीय नाही काय?

नाही, मात्र आपण काय मागत आहोत हे स्वतःला स्पष्ट असले पाहिजे. देणगीचे आवाहन आणि दिलेल्या शब्दाचे स्मरण ही दोन वेगळी पत्रे आहेत. आवाहनात समोरच्याला नकार देण्याची पूर्ण मोकळीक असते, त्यामुळे तेथे विनवणी शोभते. स्मरणपत्रात निर्णय आधीच झालेला असतो आणि तो देणगीदाराने स्वतः घेतलेला असतो. आपण फक्त त्याची तारीख जवळ आल्याचे किंवा उलटून गेल्याचे कळवत असतो. बहुतेक स्मरणपत्रे फसतात ती येथेच. लिहिणाऱ्याला संकोच वाटतो, म्हणून तो इमारतीची गरज, संस्थेचे कार्य, समाजाचे ऋण असे सगळे नव्याने सांगू लागतो आणि वाचणाऱ्याला वाटते की हे आणखी एक आवाहन आहे, सवडीने पाहू. संस्थेच्या कार्याचे वर्णन स्मरणपत्रात एका ओळीपेक्षा अधिक नसावे, असे आमचे मत आहे.

पत्र लिहिण्यापूर्वी काय तपासावे?

सर्वप्रथम स्वतःचे हिशेब तपासावेत. हा सल्ला साधा वाटेल, पण रक्कम देऊन झालेल्या माणसाला थकबाकीचे पत्र जाणे यासारखी दुसरी नामुष्की नाही, आणि ती आम्ही एकदा ओढवून घेतलेली आहे. एका गृहस्थांचे दोन हप्ते आमच्या यादीत कोरे दिसत होते. पत्र गेल्यावर ते दोन पावत्या घेऊन स्वतः कार्यालयात आले. शोध घेता कळले की एक हप्ता त्यांच्या मुलीच्या बँक खात्यातून आला होता आणि तिच्या नावाने किरकोळ देणगी म्हणून नोंदला गेला होता. दुसरा हप्ता रोख मिळाला होता, त्याची पावतीही फाडली होती, परंतु ती रक्कम इमारत निधीऐवजी सर्वसाधारण निधीच्या पानावर चढली होती. गृहस्थ रागावले नाहीत, पण जाताना त्यांनी विचारले, “माझे पैसे मग गेले कुठे होते?” या प्रश्नाला आमच्यापाशी चांगले उत्तर नव्हते.

तेव्हापासून पत्रे काढण्याआधी प्रत्येक थकीत नावासमोर तीन कागद एकत्र ठेवण्याचा आमचा परिपाठ आहे: सही असलेले मूळ संकल्पपत्र, पावती पुस्तकांच्या स्थळप्रती आणि बँकेचा खातेउतारा. केवळ संगणकातील यादीवर विसंबून राहू नये, कारण ती यादी याच तीन कागदांवरून कोणीतरी घाईत उतरवून घेतलेली असते. चुका बहुधा ठराविक ठिकाणी सापडतात. रक्कम घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने आलेली असते, दोघा देणगीदारांचे आडनाव व आद्याक्षरे सारखी असतात, धनादेश न वटता परत आलेला असूनही पावती रद्द केलेली नसते, किंवा रक्कम दुसऱ्याच निधीत जमा झालेली असते. खातेउताऱ्यात ज्यांचा धनी सापडत नाही अशा सर्व जमा रकमांची वेगळी यादी करावी आणि ती निकाली निघेपर्यंत एकही पत्र बाहेर जाऊ देऊ नये. यात एखादा आठवडा जातो. तो जाऊ द्यावा.

संकल्पपत्रच नसेल, म्हणजे सभेत कोणी उठून आकडा सांगितला आणि तो कार्यवृत्तात लिहिला गेला एवढाच आधार असेल, तर अशा व्यक्तीला थकबाकीचे पत्र पाठवू नये. आधी नोंद कळवावी आणि ती बरोबर आहे का, एवढेच विचारावे. पुष्कळदा उत्साहात उच्चारलेला आकडा ऐकणाऱ्याने वाढवून लिहिलेला असतो.

थकलेली रक्कम नेमकी किती, हे कसे मांडावे?

येथे एक नेहमीची चूक होते आणि ती प्रत्यक्ष उदाहरणावरून लवकर कळेल. समजा, एका देणगीदाराने साठ हजारांचा संकल्प केला आणि दर सहा महिन्यांनी पंधरा हजार असे चार हप्ते ठरले. पहिले दोन हप्ते वेळेवर आले. तिसऱ्याची तारीख उलटून दोन महिने झाले आहेत आणि चौथ्याला अजून चार महिने अवकाश आहे. संस्थेच्या यादीत त्यांच्या नावापुढे “बाकी: तीस हजार” असे असते आणि पत्रातही तोच आकडा जातो. हे हिशेबाने बरोबर दिसले तरी चूक आहे. आज त्यांच्याकडे थकलेले आहेत ते पंधरा हजार. उरलेले पंधरा हजार अजून देय झालेलेच नाहीत. जो माणूस एका हप्त्याने मागे आहे, त्याला अर्धी रक्कम बुडवल्यासारखे वाटेल असे पत्र पाठवले, तर तो दुखावतो आणि त्याचे दुखावणे रास्तच असते.

म्हणून पत्रात चार आकडे स्वतंत्रपणे द्यावेत: एकूण संकल्प, आजवर मिळालेली रक्कम, आज थकीत असलेली रक्कम आणि पुढे देय होणारी रक्कम त्याच्या तारखेसह. मिळालेल्या हप्त्यांचे पावती क्रमांकही लिहावेत. पावती क्रमांक वाचला की वाचणाऱ्याची खात्री पटते की येथे कोणीतरी वही उघडून बसले आहे, आणि ठामपणाचा बराचसा भाग तेवढ्यानेच साधतो.

पहिल्या पत्राचा नमुना मिळेल काय?

वरच्याच उदाहरणातील देणगीदारासाठी आम्ही पुढीलप्रमाणे लिहू. तारखा, नावे आणि क्रमांक आपापले घालावेत.

> सप्रेम नमस्कार.
>
> आपण संस्थेच्या इमारत निधीसाठी दिनांक … रोजीच्या संकल्पपत्राद्वारे साठ हजार इतकी रक्कम चार समान हप्त्यांत देण्याचे कबूल केले होते. त्यांपैकी पहिले दोन हप्ते, म्हणजे एकूण तीस हजार, आपल्याकडून वेळेवर मिळाले (पावती क्र. … व …), त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.
>
> तिसरा हप्ता, पंधरा हजार, दिनांक … रोजी देय होता. तो आमच्या नोंदीनुसार अद्याप जमा झालेला नाही. चौथा हप्ता दिनांक … रोजी देय होईल. आमच्या नोंदीत काही चूक असल्यास कृपया पावतीची प्रत अथवा भरण्याचा तपशील कळवावा. आम्ही तो तत्काळ दुरुस्त करू.
>
> पहिल्या मजल्याच्या स्लॅबचे काम पूर्ण झाले असून ठेकेदाराचे पुढील देयक दिनांक … रोजी चुकते करावयाचे आहे. हे देयक संकल्पित हप्त्यांच्या भरवशावर ठरवलेले असल्यामुळे आपला तिसरा हप्ता दिनांक … पर्यंत जमा व्हावा, अशी विनंती आहे. त्या तारखेपर्यंत रक्कम देणे शक्य नसल्यास आपल्याला सोयीची तारीख किंवा हप्त्याची रक्कम याच मुदतीत आम्हास लेखी कळवावी, म्हणजे त्यानुसार आम्ही पुढील नियोजन करू.
>
> कळावे, लोभ असावा.
>
> आपला विश्वासू,
> कोषाध्यक्ष

या पत्रात मुदत एकदाच येते, पण ती रक्कम भरण्यालाही लागू आहे आणि अडचण कळवण्यालाही. देणगीदारापुढे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सन्मानाचे आहेत. न उत्तर देणे हा तिसरा मार्ग मात्र त्यात ठेवलेला नाही. पत्राची मुदत तीन आठवड्यांच्या आसपास असावी. आठ दिवसांची मुदत दरडावल्यासारखी वाटते, आणि दोन महिन्यांची मुदत दिली तर पत्र फळीवर जाऊन पडते.

कोणते शब्द टाळावेत?

“थकबाकीदार” हा शब्द हिशेबाच्या वहीत ठीक आहे. पत्रात तो माणसावर शिक्का मारतो. “रक्कम थकली आहे” असे म्हणावे, “आपण थकवली आहे” असे म्हणू नये. वाक्याचा कर्ता रक्कम असली की मजकूर तोच राहतो आणि बोचत नाही.

“आपल्या विस्मरणात गेले असावे” हे वाक्य सौम्य म्हणून वापरले जाते. आम्हाला ते पसंत नाही. ज्याला खरोखर अडचण आहे त्याला ते टोमण्यासारखे लागते, आणि ज्याला द्यायचे नाही त्याला आयती सबब मिळते. तसेच “लवकरात लवकर”, “सवडीनुसार”, “यथाशक्ती” हे शब्द स्मरणपत्रातून काढून टाकावेत. ते ऐकायला विनयाचे आहेत, पण त्यांनी तारीख पुसली जाते. यथाशक्ती म्हटले की कबूल केलेला आकडाच मागे घेतल्यासारखे होते. देणगीदाराने हजार पाठवून विषय संपवला, तर दोष आपल्या शब्दाचा असतो.

दुसऱ्यांशी तुलना तर कधीच करू नये. “इतर सर्वांनी रक्कम भरली असून केवळ आपलीच राहिली आहे” हे वाक्य बहुधा खोटे असते, आणि खरे असले तर अधिकच अपमानकारक असते.

पत्र कोणी आणि कोणत्या मार्गाने पाठवावे?

पत्र कोषाध्यक्षाच्या सहीने, बंद पाकिटात आणि देणगीदाराच्या नावेच जावे. ज्यांनी त्यांच्याकडून संकल्प घेतला, त्या कार्यकर्त्याला आधी कल्पना द्यावी, कारण देणगीदाराचा पहिला फोन त्यालाच जातो. व्हॉट्सॲपवर समूहात आठवण टाकणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. “ज्यांची रक्कम बाकी आहे त्यांनी कृपया भरावी” असा नाव न घेतलेला संदेशसुद्धा ज्यांनी रक्कम भरली आहे त्यांना खटकतो आणि ज्यांनी भरलेली नाही त्यांना तो आपल्यासाठी आहे असे वाटत नाही.

थकीत देणगीदारांची यादी फलकावर लावावी काय?

लावू नये. अशा यादीने काही रक्कम लगोलग येते, हे आम्ही पाहिले आहे. पण ती देणगीदाराची शेवटची रक्कम असते. त्याशिवाय यादीत एखादे नाव चुकून गेले, तर ती चूक पुसण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

शिलापटाचा प्रश्न वेगळा आहे. ठराविक रकमेच्या वर देणगी देणाऱ्यांची नावे इमारतीत कोरली जाणार असतील, तर नाव पूर्ण रक्कम जमा झाल्यावर कोरले जाईल, हे संकल्पपत्रातच छापलेले असावे. छापलेले असेल तर स्मरणपत्रात त्याचा उल्लेख एका वाक्यात, कोरणाऱ्याकडे यादी देण्याच्या तारखेसह करता येतो. छापलेले नसेल तर हा नियम मागाहून लावता येणार नाही.

पहिल्या पत्राला उत्तरच आले नाही तर?

मुदत संपल्यावर साधारण एका आठवड्याने फोन करावा. फोनवर रक्कम मागू नये. पत्र पोचले का आणि नोंद बरोबर आहे का, एवढेच विचारावे. बाकीचे बहुतेक वेळा समोरची व्यक्ती स्वतः बोलते. जे बोलणे होईल ते त्याच दिवशी दोन ओळींत लेखी कळवावे: “आज झालेल्या बोलण्यानुसार आपण तिसरा हप्ता अमुक तारखेला भरणार आहात, अशी नोंद आम्ही केली आहे.” या दोन ओळी पुढे फार उपयोगी पडतात, कारण त्यानंतरचे स्मरण जुन्या संकल्पाचे राहत नाही, या नव्या आणि ताज्या शब्दाचे होते.

फोनही उचलला गेला नाही तर दुसरे पत्र अध्यक्षांच्या सहीने जावे आणि ते पहिल्याहून लहान असावे. त्यात पहिल्या पत्राची तारीख, थकीत रक्कम आणि नवी मुदत एवढेच असावे, आणि शेवटी असे वाक्य असावे: “या मुदतीत आपल्याकडून काही न कळल्यास ही रक्कम येणार नाही असे समजून आम्हास बांधकामाचे नियोजन बदलावे लागेल.” ही धमकी नव्हे, वस्तुस्थिती आहे, मात्र ती लिहिल्यावर तसे खरोखर करण्याची तयारी हवी.

देणगीदाराने आर्थिक अडचण सांगितली तर काय करावे?

कारणाचा पुरावा मागू नये. नोकरी गेली, आजारपण आले, धंदा बसला, यांपैकी जे सांगितले जाईल ते मान्य करावे आणि लगेच तीन पर्याय पुढे ठेवावेत: हप्त्याची तारीख पुढे नेणे, हप्ता लहान करून त्यांची संख्या वाढवणे, किंवा आजवर दिलेल्या रकमेवर संकल्प पूर्ण झाला असे समजणे. तिसरा पर्याय आपणहून सांगायला अनेक कोषाध्यक्ष कचरतात. आमचा अनुभव उलट आहे. मोकळे होण्याची वाट दाखवली की बरेच जण लहान हप्त्याचा पर्याय निवडतात. वाट दाखवली नाही तर तेच लोक समोर यायचे टाळू लागतात.

जे ठरेल त्याची नोंद कार्यकारिणीच्या कार्यवृत्तात करावी आणि देणगीदाराला लेखी कळवावी. वर घेतलेल्या उदाहरणात उरलेले तीस हजार दरमहा अडीच हजारांप्रमाणे घ्यायचे ठरले, तर ते बारा महिन्यांत पूर्ण होतील. नवे वेळापत्रक पाठवताना जुने रद्द झाले असे स्पष्ट लिहावे, नाहीतर पुढच्या वर्षी नवे कोषाध्यक्ष जुन्या यादीवरून त्याच माणसाला पुन्हा पत्र काढतात.

“मी ज्या कामासाठी रक्कम कबूल केली ते कामच आराखड्यातून वगळले,” असे कोणी म्हटले तर?

मग बहुधा त्यांचे बरोबर असते. कोणी वाचनालयाच्या दालनासाठी संकल्प केला असेल आणि सुधारित आराखड्यात तेथे भाड्याने द्यायचे सभागृह आले असेल, तर थकीत रक्कम मागण्याआधी आपणच त्यांना हा बदल कळवायला हवा होता. अशा ठिकाणी स्मरणपत्र मागे घ्यावे, बदल व त्याचे कारण सांगावे आणि उरलेली रक्कम दुसऱ्या भागासाठी देण्यास त्यांची संमती आहे काय, हे विचारावे. आधी दिलेल्या रकमेबद्दलही त्यांनी विचारले तर ते टाळू नये.

कबूल केलेली देणगी कायद्याने वसूल करता येते काय?

याचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे, आणि भारतात दोन जुने निकाल या प्रश्नाच्या दोन बाजू चांगल्या दाखवतात. हावड्याच्या नगरभवनासाठी वर्गणीची यादी उघडली होती. वर्गणीदारांच्या शब्दावर विसंबून बांधकामाचा करार झाला आणि नंतर शंभर रुपये लिहिलेल्या एकाने ते दिले नाहीत. 1886 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याला जबाबदार धरले, कारण त्याच्या सहीच्या भरवशावर ठेकेदाराशी देणे उभे राहिले होते आणि हे त्याला सही करतानाच ठाऊक होते. याउलट 1914 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे मशिदीच्या कामासाठी कबूल केलेल्या पाचशे रुपयांचा दावा आला, तेव्हा त्या शब्दावर विसंबून काहीच केले गेले नव्हते, म्हणून तो नामंजूर झाला.

म्हणजे नुसता शब्द पुरेसा नाही. त्या शब्दावर विसंबून संस्थेने काही देणे अंगावर घेतले होते काय, हे पाहिले जाते. वरील नमुनापत्रात ठेकेदाराच्या देयकाचा उल्लेख आहे, तो यासाठीही उपयोगी आहे. तरीही न्यायालयात जाण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. वकिलाचे शुल्क आणि गेलेला स्नेह यांपुढे एका हप्त्याची किंमत काय? एखादा संकल्प इतका मोठा असेल की तो न आल्यास इमारतच अडेल, तरच वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि तोही स्मरणपत्रातून कायद्याची भाषा न करता.

देणगीदाराचे निधन झाले असेल तर?

नेहमीच्या साच्यातले स्मरणपत्र त्या पत्त्यावर जाऊ नये, याची खबरदारी यादीतच घ्यावी. शोकसंदेश वेगळा पाठवावा आणि त्यात रकमेचा शब्दही नसावा. काही महिन्यांनी घरच्यांना कळवावे की दिवंगतांनी असा संकल्प केला होता, त्यांपैकी इतकी रक्कम त्यांनी दिली आणि संस्था ती कृतज्ञतेने नोंदवत आहे. उरलेल्या रकमेबाबत कुटुंबावर कोणतेही बंधन आम्ही मानत नाही, परंतु संकल्प पुरा करण्याची त्यांची इच्छा असल्यास तपशील सोबत आहे. येथे मुदत घालू नये.

किती पत्रांनंतर थांबावे?

दोन पत्रे आणि मध्ये एक फोन. त्यानंतर कार्यकारिणीने ठराव करून ती रक्कम अपेक्षित जमेतून वगळावी आणि एक शेवटचे, चार ओळींचे पत्र पाठवावे: आपला संकल्प आम्ही मिळालेल्या रकमेपुरता पूर्ण समजून नोंद बंद केली आहे, आजवर दिलेल्या रकमेबद्दल आभार, आणि इमारतीच्या उद्घाटनाचे निमंत्रण आपणास यथावकाश पाठवू. हे निमंत्रण खरोखर पाठवावे. वगळलेल्या नावांचे संकल्पपत्र फाडू नये. लेखापरीक्षणासाठी ते पावती पुस्तकांसोबत, ठरावाचा क्रमांक त्यावर लिहून, जपून ठेवावे.